बॅबिलोनचा दहावा हिस्सा आणि आपली सॅलरी स्लिप

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दोन कपाटे आहेत. एकात बाबासाहेबांचे खंड आणि फुल्यांचे समग्र वाङ्मय, दुसऱ्यात स्पर्धा परीक्षांची पुस्तके. गेल्या काही वर्षांत टेबलावर एक तिसरा ढीग जमू लागला आहे. तो पैशाच्या पुस्तकांचा. अभ्यासिकेतून नोकरीला लागलेली मुले-मुली पहिल्या दोन-तीन पगारांतच ही पुस्तके विकत घेतात, वाचतात आणि आणून ठेवतात. आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी, अर्थशास्त्राचे नव्हे. पण त्या पुस्तकांवरून मुले आम्हालाच प्रश्न विचारतात, म्हणून आम्हालाही ती वाचावी लागली.

मागच्या वर्षी २४ वर्षांची एक मुलगी पुस्तक हातात घेऊन म्हणाली, "दादा, यात लिहिलंय, पगाराचा दहावा हिस्सा आधी स्वतःसाठी बाजूला काढा. २८ हजार हातात येतात. १६ हजार आईकडे देते, साडेसहा हजार प्रवास, जेवण, मोबाईलला जातात. उरलेल्या साडेपाच हजारांतून मावसोबा म्हणतात पॉलिसी काढ. मग दहावा हिस्सा कुठला?"

तिच्या हातातले पुस्तक होते 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलोन'. जगभर पैशाची पहिली ओळख म्हणून जी पुस्तके दिली जातात, त्यांत हे सर्वात जुन्यांपैकी एक. तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही आधी दुसराच प्रश्न विचारला. हा दहावा हिस्सा आला कुठून?

लेखक जॉर्ज क्लेसन. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात त्याची नकाशे छापणारी कंपनी होती. १९२६ पासून त्याने बचतीवर छोट्या छोट्या पुस्तिका लिहायला सुरुवात केली. प्राचीन बॅबिलोन शहरातल्या गोष्टी, भाषा जुन्या धर्मग्रंथासारखी, आणि प्रत्येक गोष्टीच्या पोटात पैशाचा एक धडा. या पुस्तिका लोकांच्या घरी पोचवल्या कोणी? बँकांनी आणि विमा कंपन्यांनी. त्यांनी त्या घाऊक विकत घेतल्या आणि ग्राहकांना वाटल्या. पुढे त्यांचेच एकत्र पुस्तक झाले. म्हणजे पगारदार माणसाला बचत शिकवणारे हे गाजलेले पुस्तक वाचकाने मागितले म्हणून जन्मलेले नाही. ज्याच्याकडे बचत जमा व्हायची होती, त्याने ते वाटले.

एवढ्यावरून पुस्तक खोटे ठरत नाही. मिळकतीतला काही भाग खर्चाच्या आधी बाजूला काढावा, हा सल्ला चांगलाच आहे, कारण महिनाअखेर उरेल ते वाचवू म्हणणाऱ्याच्या हाती सहसा काही उरत नाही. पण पुस्तक कोणी वाटले हे कळले की त्यात काय नाही तेही दिसू लागते. बाजूला काढलेला पैसा ज्याच्या हाती द्यायचा, तो त्यातून स्वतःसाठी किती कापून घेतो, याचा हिशेब बॅबिलोनमध्ये कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट नाही. महागाई. बॅबिलोनचा सावकार सोन्यात मोजतो, आणि १९२६ ची अमेरिकाही सोन्याला बांधलेल्या डॉलरवर चालत होती. त्याच्या तीन वर्षे आधी, १९२३ मध्ये, बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या ग्रंथाचा एक मुख्य मुद्दाच असा की रुपयाचा परदेशी हुंडणावळीचा दर स्थिर आहे की नाही यापेक्षा, देशातल्या देशात रुपयाला काय विकत मिळते हे महत्त्वाचे. ते पुस्तक पगारदाराला बचत शिकवण्यासाठी लिहिलेले नाही, तसा दावाही आम्ही करत नाही. पण बचतीचे पुस्तक वाचताना हा प्रश्न जवळ ठेवावा. आज ठेवलेल्या रुपयाला तीस वर्षांनी काय मिळेल?

बॅबिलोनमध्ये एक दाबासिर नावाचा उंटांचा व्यापारी आहे. कर्जात बुडतो, पळून जातो, गुलाम होतो. मग त्याला प्रश्न पडतो की आपला आत्मा गुलामाचा की स्वतंत्र माणसाचा. उत्तर सापडते, तो सुटून घरी येतो आणि मिळकतीचे दहा भाग करून एक स्वतःला, सात घरखर्चाला, दोन सावकारांना देऊन कर्ज फेडतो. हिशेब म्हणून ही वाटणी उत्तम आहे. पण गुलामगिरी ही गुलामाच्या मनाची अवस्था असते, हे वाक्य आमच्या घशाखाली उतरत नाही. दाबासिरला साखळी घालणारा कोणीतरी होता. या जातीच्या पुस्तकांची ही जुनी खोड आहे. तंगी आली की कारण नेहमी वाचकाच्या स्वभावात सापडते.

सगळी पुस्तके बँकेच्या दारातून आली असे मात्र नाही. अमेरिकेत सिल्व्हिया पोर्टर ही पत्रकार १९३० च्या दशकापासून वर्तमानपत्रात पैशावर लिहू लागली. बाई असल्याचे कळले तर लोक वाचणार नाहीत, म्हणून सुरुवातीला नाव फक्त 'एस. एफ. पोर्टर' असे छापले जाई. १९७५ साली तिचे जाडजूड 'मनी बुक' आले. त्यात किराणा, भाडे, गाडीची दुरुस्ती, दवाखान्याचे बिल, सगळे होते. तिचा पगार वाचकांच्या वर्तमानपत्रातून येत होता आणि पुस्तकाचा विषयही वाचकाच्या स्वयंपाकघरापासून सुरू होत होता.

त्याच सुमारास बॅबिलोनने न विचारलेला प्रश्नही पुस्तकात आला. बर्टन माल्किएल या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने १९७३ च्या 'अ रँडम वॉक डाउन वॉल स्ट्रीट'मध्ये म्हटले की शेअर निवडणाऱ्या तज्ज्ञांना मोठी फी देऊन सामान्य माणसाच्या पदरात फारसे काही पडत नाही. बाजारातले सगळे प्रमुख शेअर ठरलेल्या प्रमाणात घेऊन ठेवणारा स्वस्त फंड त्याला द्या. १९७६ मध्ये जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड कंपनीने असा फंड सामान्यांसाठी काढला. १५ कोटी डॉलर गोळा करायचे ठरले होते, आले जेमतेम सव्वा कोटीच्या आत. कारण साधे होते. जो फंड विकून दलालाला काही मिळत नाही, तो कोण विकणार?

आपल्याकडे हा खर्चाचा प्रश्न उशिरा आला. २००९ च्या ऑगस्टपर्यंत म्युच्युअल फंडात शंभर रुपये भरले तर सव्वादोन रुपयांपर्यंत आधीच कापले जात आणि ते विकणाऱ्याकडे जात. सेबीने ते बंद केले. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेची 'डायरेक्ट' आवृत्ती ठेवणे बंधनकारक झाले. तिच्यात मधल्या माणसाचे कमिशन नसते, म्हणून दरवर्षीचा खर्च 'रेग्युलर'पेक्षा कमी. योजना तीच, शेअर तेच. नावातला एक शब्द वेगळा. शेअर बाजाराच्या फंडात हा फरक अनेकदा अर्धा ते एक टक्का असतो. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. महिना २,००० रुपये ३० वर्षे भरले आणि समजा ११ टक्क्यांनी वाढले, तर ५६ लाखांच्या आसपास होतात. १० टक्क्यांनी वाढले तर ४५ लाख. अकरा लाख एका टक्क्यात गेले. बाजार १० देईल, ११ देईल की ६, हे कोणी सांगू शकत नाही. खर्च मात्र तो कापणारच. म्हणून आम्ही मुलांना सांगतो की पुस्तकात आधी खर्चाचे प्रकरण शोधा. ते नसेल तर लेखकाचे पोट कशावर चालते ते शोधा.

आता त्या मुलीची सॅलरी स्लिप. एकूण पगार ३० हजार, त्यात बेसिक १५ हजार. कपात दोन. व्यवसाय कर २०० आणि पीएफ १,८००. हातात २८ हजार.

ती पीएफला 'कटिंग' म्हणत होती. आपल्याकडे सगळेच म्हणतात, आणि शब्दच असा की पैसा गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तिचे बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,८००, जातात आणि मालकालाही तेवढेच भरावे लागतात. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात, उरलेले ५५० तिच्या पीएफमध्ये. म्हणजे महिन्याला २,३५० रुपये तिच्या नावावर जमा होतात आणि पेन्शनचे वेगळे. बॅबिलोनचा दहावा हिस्सा तीन हजार. पेन्शन धरली तर तिच्या नावावर दरमहा ३,६०० पडत होते. तेही पगार हातात येण्याआधीच, म्हणजे अगदी बॅबिलोनच्या पद्धतीने!

क्लेसनचा वाचक १९२६ चा अमेरिकन होता. त्याच्यासाठी असा सक्तीचा कायदा नव्हता, म्हणून त्याला मनाचा निग्रह शिकवावा लागला. आपल्याकडे १९५२ पासून भविष्य निर्वाह निधीचा कायदा आहे. तो कामगारांना निग्रहाचा उपदेश करत बसला नाही, त्याने मालकाच्या खिशातही हात घातला. परदेशी पुस्तकाच्या भाषांतरात हे सापडणार नाही. म्हणून नव्या पगारदाराने वाचायचा पहिला मजकूर पुस्तकाचा नाही, पीएफच्या पासबुकाचा आहे.

चूक होते ती नोकरी बदलताना. २८ व्या वर्षी नवी नोकरी लागते, मध्ये एक-दोन महिन्यांची फट असते, घरात काहीतरी अडचण असतेच, आणि ऑफिसातले कोणीतरी सांगते की जुना पीएफ काढून टाक. चार वर्षांत, पगार तेवढाच धरला तरी, आत्ताच्या ८.२५ टक्के व्याजाने तिचे सुमारे १ लाख ३२ हजार झालेले असतील. काढले तर एखादी गाडी येते किंवा लग्नातला खर्च निघतो. नव्या नोकरीत वर्ग केले आणि ५८ व्या वर्षापर्यंत व्याज असेच राहिले, तर तेवढ्याच रकमेचे सुमारे १४ लाख होतात. इथे बाबासाहेबांचा प्रश्न विचारायचा. ३० वर्षांनी १४ लाखांना काय मिळेल? महागाई ५ टक्के धरली तर आजच्या सव्वातीन लाखांइतके. चौदा लाख ऐकून हुरळायचे नाही, पण १ लाख ३२ हजारांचे खऱ्या अर्थाने अडीचपट होणे हेही थोडे नाही. शिवाय सलग पाच वर्षांच्या आत रक्कम काढली तर ती कराच्या हिशेबात येते. खाते वर्ग केले तर आधीच्या नोकरीची वर्षेही त्या पाचात मोजली जातात.

मग मावसोबांची पॉलिसी. मावसोबा वाईट माणूस नाहीत. विम्याचे एजंट आहेत, आणि आपल्या वस्त्यांमध्ये बचतीची सवय लावण्यात अशा एजंटांचा वाटा आहे हे नाकारता येणार नाही. त्यांनी सांगितलेली पॉलिसी एंडोमेंट होती. वर्षाला २४ हजार हप्ता, २० वर्षे, विमा ४ लाख ८० हजारांचा, शेवटी बोनससह अंदाजे साडेआठ लाख. भरायचे ४ लाख ८० हजार, मिळणार साडेआठ लाख. "जवळजवळ दुप्पट!" असे ते म्हणाले. पैसा वीस वर्षे अडकतो हे मोजले तर हा परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या किंचित वर आहे.

आम्ही तिच्याबरोबर दुसरा हिशेब मांडला. तेच २४ हजार. त्यातले समजा ६ हजार टर्म प्लॅनला. तिच्या वयाच्या, तंबाखू न घेणाऱ्या माणसाला तेवढ्यात ५० लाखांच्या आसपास विमा मिळू शकतो. मुदत संपली आणि आपण जिवंत असलो तर त्यातून काही परत मिळत नाही, हे स्वच्छ सांगायला हवे. उरलेले १८ हजार दरवर्षी पीपीएफमध्ये. ते खाते १५ वर्षांचे असते, पुढे पाच वर्षे वाढवता येते. आत्ताच्या ७.१ टक्के दराने २० वर्षांनी सुमारे ८ लाख. व्याजदर सरकार बदलू शकते, तेव्हा हा आकडा हमीचा नाही. पण चित्र बघा. शेवटी हातात येणारी रक्कम पन्नास हजारांनी कमी. आणि मध्येच तिचे काही बरेवाईट झाले तर आईच्या हाती एका बाजूला ५० लाख अधिक पीपीएफची शिल्लक, दुसऱ्या बाजूला ४ लाख ८० हजार अधिक तोपर्यंतचा बोनस. महिना १६ हजारांवर चालणारे घर पाच लाखांत अडीच वर्षे चालेल.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण मावसोबांना काय सांगू?" या प्रश्नाचे उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही. त्यांना पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला मोठा भाग कमिशन म्हणून मिळतो आणि त्यांचेही घर त्यावर चालते. आम्ही एवढेच म्हणालो की टर्म प्लॅनही मावसोबांकडूनच काढ. आणि जिच्यावर कोणीच अवलंबून नाही, तिला टर्म प्लॅनचीही घाई नाही. एंडोमेंट आधीच घेतलेली असेल तर रागाच्या भरात बंद करू नये. सुरुवातीच्या वर्षांत सरेंडर केली तर भरलेल्यातले बरेच बुडते. किती मिळेल ते लेखी मागवून मगच ठरवावे.

विम्याचा आणि कमाईचा संबंध बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मांडला आहे. विमा हा राज्याचा एकाधिकार असावा, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा घ्यावा अशी राज्याने सक्ती करावी. राज्याची सगळी साधनसंपत्ती पाठीशी असल्याने माणसाला खासगी कंपनीपेक्षा जास्त सुरक्षितता मिळेल, आणि राज्यालाही विकासासाठी महाग कर्ज काढावे लागणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. पण 'मजुरीच्या प्रमाणात' आणि 'प्रत्येकाला' हे दोन शब्द मागे राहिले. वर्षाला ३ लाख ६० हजार कमावणाऱ्या मुलीला ४ लाख ८० हजारांचा विमा, म्हणजे सोळा महिन्यांचा पगार, हे मजुरीचे कुठले प्रमाण? आजची पुस्तके वार्षिक कमाईच्या दहा ते पंधरा पट सांगतात. मोनिका हलान या पत्रकार बाईंच्या २०१८ च्या 'लेट्स टॉक मनी'मध्ये विमा आणि गुंतवणूक वेगळी ठेवा हे ठणकावून सांगितले आहे, आणि कमिशनचे गणितही उघड केले आहे. आमच्या ढिगातले ते पुस्तक सर्वात जास्त फाटले आहे. फार हातांतून गेले आहे.

त्याच ढिगात 'रिच डॅड पुअर डॅड' सर्वात जाड दिसते, कारण त्याच्या चार प्रती आहेत. १९९७ चे पुस्तक. त्यात शिकलेला, सरकारी पगारावर जगणारा बाप गरीब ठरतो. ज्यांच्या घरात नोकरीचा पगार ही पहिल्या पिढीची कमाई आहे, शिकून मिळवलेली, त्यांच्या मुलांना हे पुस्तक पगाराची लाज शिकवते. स्वतः राहायचे घर ही मालमत्ता नसून ओझे आहे, असेही त्यात आहे. भाडे मागायला गेल्यावर आडनाव विचारले जाणाऱ्या माणसाने हे वाक्य कसे वाचायचे?

अशा पुस्तकांचा जमाखर्च २०२२ मध्ये येल विद्यापीठाच्या जेम्स चोई या प्राध्यापकाने मांडला. पन्नास लोकप्रिय पुस्तके घेऊन त्यांचा सल्ला आणि अर्थशास्त्राचा सिद्धांत शेजारी ठेवले. सिद्धांत सांगतो की ज्याची मिळकत पुढे वाढणार आहे, त्याने तरुणपणी कमी वाचवले तरी चालेल. पुस्तके सांगतात, पहिल्या पगारापासून वाचवा, सवय लागते. कर्जाचेही तसेच. सिद्धांत म्हणतो सर्वात महाग व्याजाचे आधी फेडा. अनेक पुस्तके म्हणतात सर्वात छोटे आधी फेडा, म्हणजे हुरूप येतो. चोई पुस्तकांना हसत नाहीत. माणसाला पाळता येईल असा सल्ला देण्याचा तो प्रयत्न आहे, हे ते मान्य करतात. आम्हाला दोन्ही बाजूंत एक गोष्ट खटकते. दोघांचाही माणूस एकटा आहे. आईला दिलेले १६ हजार दोन्हीकडे 'खर्च' होतात. तिच्या घरात मात्र त्यातूनच भावाची फी जाते, आणि भाऊ कमावता झाला की तिचाच भार हलका होणार आहे.

म्हणून साडेपाच हजारांची वाटणी आम्ही तिच्याबरोबर अशी केली. ५०० टर्म प्लॅनच्या हप्त्यासाठी, १,५०० पीपीएफ, उरलेले ३,५०० बँकेच्या आवर्त ठेवीत, घरात द्यायच्या रकमेचे तीन महिने, म्हणजे ४८ हजार, जमेपर्यंत. त्याला चौदा महिने लागतात. कारण नोकरी गेली तर पीएफ काढावा लागू नये. शेअर बाजाराचा स्वस्त फंड त्यानंतर, आणि नावात 'डायरेक्ट' पाहून.

पासबुक तिने तिथेच मोबाईलवर उघडले. स्लिपवर अकरा महिने १,८०० कापलेले होते. पासबुकात नऊच महिन्यांची नोंद होती. मालकाने पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, म्हणजे चालू महिन्याची नोंद नसणे समजू शकते, दुसऱ्याची नाही. तिने दोन्ही स्लिपचे फोटो जोडून ऑफिसला मेल केला. उत्तर नाही आले तर पीएफ कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर जायचे ठरले. तीन आठवड्यांनी नोंदी दिसल्या. नॉमिनीचा रकाना तेव्हाही रिकामाच होता. आधारशी जन्मतारीख जुळत नव्हती, ती दुरुस्त करण्यात आणखी एक महिना गेला. मग तिथे आईचे नाव चढले.